बातमी खटल्याची, निकाल न्यायालयाचा

न्यायालयाच्या अवमानाची वार्ताहरांना भीती असते, पण ती बहुतेकदा भलत्याच ठिकाणी असते. न्यायाधीशांविषयी वावगे काही छापून गेले तर आपली धडगत नाही, एवढे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे बातमीत न्यायाधीशांचा उल्लेख आला की लिहिणारा सावध होतो आणि उपसंपादक वाक्य दोनदा वाचतो. आरोपीचा उल्लेख आला की हीच सावधगिरी गळून पडते. ‘नराधमाच्या मुसक्या आवळल्या’, ‘अखेर गुन्ह्याची कबुली’, ‘मुख्य सूत्रधार गजाआड’ अशी शीर्षके सहज छापली जातात आणि त्यांचा अवमानाशी काही संबंध असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

१९७१ चा न्यायालय अवमान अधिनियम उघडून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. त्यात फौजदारी अवमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. न्यायालयाची अप्रतिष्ठा करणे हा त्यांपैकी फक्त पहिला. दुसरा प्रकार म्हणजे चालू न्यायिक कार्यवाहीवर प्रतिकूल परिणाम करणे किंवा तिच्यात ढवळाढवळ करणे. न्यायदानात अन्य कोणत्याही मार्गाने अडथळा आणणे हा तिसरा. म्हणजे तीनपैकी दोन प्रकारांना न्यायाधीशांच्या मानापमानाशी काही देणेघेणे नाही. खटला निकोपपणे चालावा, एवढीच त्यांची काळजी आहे. सहा महिन्यांपर्यंतची साधी कैद, दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही, ही शिक्षा मात्र तिन्हींना सारखीच आहे.

ही पुस्तिका तालुका आणि जिल्हा न्यायालयांतून बातम्या पाठवणाऱ्या वार्ताहरांसाठी आणि त्या बातम्या हाताखालून घालणाऱ्या उपसंपादकांसाठी आहे. उच्च न्यायालयाचे वार्तांकन करणाऱ्याच्या हातात बहुधा लेखी आदेश असतो आणि शंका आली तर विचारायला वकील मित्र असतात. तालुक्याच्या वार्ताहराला सकाळी पोलीस ठाणे, दुपारी बाजार समिती आणि अधेमधे न्यायालय असे सगळेच पाहावे लागते. त्याच्या बातमीतला आरोपी कुणाचा तरी शेजारी असतो आणि साक्षीदार त्याच वर्तमानपत्राचा वाचक असतो. पुढच्या प्रकरणांत खटल्याचा एकेक टप्पा सविस्तर येणार आहे. त्या सगळ्यांच्या मुळाशी जी एक गोष्ट आहे, ती या प्रस्तावनेत मांडतो.

ती गोष्ट अशी : न्यायालयाच्या बातमीला कायद्याने एक भक्कम संरक्षण दिले आहे आणि ते न्यायालयाच्या दालनात जे घडले त्यालाच आहे. अवमान अधिनियमाचे चौथे कलम सांगते की न्यायिक कार्यवाहीचा, किंवा तिच्या कोणत्याही टप्प्याचा, रास्त आणि अचूक वृत्तांत छापणे हा अवमान होत नाही. बदनामीच्या कायद्यातही याला जोडून तरतूद आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये असलेला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आलेला चौथा अपवाद न्यायालयीन कार्यवाहीच्या मूलतः खऱ्या वृत्तांताला बदनामीतून वगळतो. ही दोन्ही संरक्षणे एकत्र ठेवली की वार्ताहराला किती मोकळीक आहे ते कळते. ‘आरोपीने माझ्या भावावर कोयत्याने वार केला,’ असे साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर सांगितले, तर ते त्याच्या नावानिशी छापता येते. पुढे ती साक्ष न्यायालयाने खोटी ठरवली तरी वार्ताहर अडचणीत येत नाही, कारण त्याने ‘वार केला’ असे लिहिलेले नसते, ‘वार केला असे साक्षीदाराने सांगितले’ असे लिहिलेले असते.

आता हेच वाक्य पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात एखाद्या हवालदाराने सांगितले असे समजा. माहिती तीच आणि शब्दही तेच, पण चौथ्या कलमाचे संरक्षण तिथे नाही. व्हरांड्यातले बोलणे ही न्यायिक कार्यवाही नव्हे. ते शपथेवर नसते, त्याची उलटतपासणी होत नाही आणि उद्या तो हवालदार ‘मी असे बोललोच नाही’ म्हणाला तर दाखवायला कागद नसतो. म्हणून बातमी तपासताना पहिला प्रश्न विचारायचा तो प्रत्येक वाक्याच्या धन्याविषयी. हे कोण म्हणाले, कुठे म्हणाले आणि खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर म्हणाले? या तिन्हींची उत्तरे वाक्यातच सापडली पाहिजेत. ‘कथित’ हा शब्द पेरून हे काम होत नाही. ‘कथित आरोपीने कथित गुन्हा केला’ या वाक्यात दोनदा ‘कथित’ आहे आणि कथन करणारा एकदाही नाही.

खटला ‘प्रलंबित’ कधीपासून समजायचा, हा यापुढचा प्रश्न. अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार फौजदारी प्रकरण दोषारोपपत्र दाखल झाल्यावर किंवा न्यायालयाने आरोपीविरुद्ध समन्स वा वॉरंट काढल्यावर प्रलंबित ठरते. अटक ते दोषारोपपत्र हा काळ त्यामुळे उघडा राहतो, आणि सर्वाधिक बेताल बातम्या नेमक्या याच काळात येतात. विधी आयोगाने २००६ मधल्या आपल्या २००व्या अहवालात ही उणीव दाखवली आणि अटकेपासूनच खटला प्रलंबित मानावा अशी शिफारस केली. कायद्यात तसा बदल झाला नाही. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी नीलेश नवलखा प्रकरणात दिलेल्या निकालाने ही पळवाट बरीच अरुंद केली.

सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर दूरचित्रवाणीवर महिनोन्महिने जे चालले होते, त्याविरुद्धच्या जनहित याचिकांवरचा हा निकाल. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने सांगितले की तपास सुरू असताना चालवलेला माध्यमखटला न्यायदानात अडथळा आणू शकतो आणि तो अवमान ठरू शकतो. दोषारोपपत्र आले नाही म्हणून आपण मोकळे, हा बचाव त्यामुळे लंगडा पडला. काय टाळावे याची यादीच खंडपीठाने दिली. पोलिसांपुढचा कबुलीजबाब जणू ग्राह्य पुरावाच आहे अशा थाटात छापू नये, आरोपीची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करू नये, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या साक्षीचा अंदाज बांधू नये, गुन्ह्याचे नाट्यरूपांतर करू नये, तपासातली गोपनीय माहिती फोडू नये. दोन वाहिन्यांचे वार्तांकन खंडपीठाला सकृतदर्शनी अवमानकारक वाटले, पण त्यांच्यावर कारवाई मात्र केली नाही. निकाल दूरचित्रवाणीच्या निमित्ताने आला असला, तरी ही यादी जिल्हा दैनिकाच्या टेबलावर चिकटवून ठेवावी इतकी उपयोगी आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. आपल्याकडे आता ज्युरी नाही. निकाल प्रशिक्षित न्यायाधीश देतात आणि ते वर्तमानपत्र वाचून निकाल देत नाहीत. मग बातमीने बिघडते काय? आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा नानावटी खटला असतो. एप्रिल १९५९ मध्ये नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली आणि शहराची सहानुभूती त्यांच्याकडे वळली. नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे नानावटी दोषी ठरले आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. वरिष्ठ न्यायालयांनी कौल बाजूला ठेवला तो ज्युरीला केलेल्या चुकीच्या मार्गदर्शनामुळे आणि पुराव्याच्या बळावर. बातम्यांनी ज्युरी फिरली असा निष्कर्ष काढून त्यांनी तो फिरवला नव्हता. तरी या खटल्यातून एक गोष्ट घ्यावीच. वर्तमानपत्राचा कल आरोपीच्या विरुद्धच असतो असे नाही. तो आरोपीच्या बाजूचा असला तरीही ती ढवळाढवळच.

ज्युरी गेली, पण साक्षीदार आहेत, आणि बातमीचा खरा घाव साक्षीदारांवर बसतो. ओळखपरेडचे उदाहरण पाहू. रात्री दरोडा पडला, फिर्यादीने चोरट्याला काही क्षण पाहिले, चार दिवसांनी संशयित सापडला. पोलीस त्याचा चेहरा झाकून नेतात याला कारण आहे. पुढे कारागृहात त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतर माणसांमध्ये त्याला उभे केले जाईल आणि साक्षीदाराने केवळ आठवणीवरून त्याला ओळखायचे आहे. आदल्या दिवशी त्याचा फोटो पान एकवर छापून आला असेल तर बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत एकच प्रश्न विचारतो : ‘तुम्ही वर्तमानपत्र वाचता का?’ साक्षीदार ‘हो’ म्हणाला की ओळखपरेडचे मोल घसरते. माणूस खरोखर गुन्हेगार असेल तर तो सुटण्याची वाट अशा रीतीने बातमीनेच करून दिलेली असते. निरपराध असेल तर साक्षीदार त्याला फोटोवरूनच ‘ओळखण्याची’ शक्यता आहे. दोन्हीकडून नुकसान सत्याचे होते.

कबुलीचे तसेच. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही आहे. त्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. बाकी सगळा मजकूर न्यायाधीशांपुढे पुरावा म्हणून येऊच शकत नाही, कारण कोठडीतला माणूस काय आणि कशामुळे बोलेल याचा भरवसा कायद्याला नाही. ‘आरोपीची कबुली’ हे शीर्षक वाचकापुढे ठेवते ते हे असे साहित्य. मग वर्ष-दोन वर्षांनी आरोपी सुटला की वाचक म्हणतो, ‘कबूल केले होते, तरी सोडले!’ न्यायालयाविषयीचा हा अविश्वास आपल्याच शीर्षकाने पेरलेला असतो. आरोपीने दंडाधिकाऱ्यांपुढे, परिणामांची जाणीव करून दिल्यानंतर, स्वेच्छेने दिलेला कबुलीजबाब ही वेगळी गोष्ट आहे, आणि तसे असेल तर बातमीत ते तसे स्पष्ट सांगावे.

आता एक खटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहू. तो कल्पित आहे, पण यातला प्रत्येक टप्पा कोणत्याही तालुक्यात भेटेल. एका पतसंस्थेच्या लेखापरीक्षणात १ कोटी ४० लाख रुपयांच्या नोंदी जुळत नाहीत. लेखापरीक्षकाच्या फिर्यादीवरून व्यवस्थापकावर अपहाराचा गुन्हा दाखल होतो. पहिल्या दिवशीची घाईची बातमी अशी असते : ‘व्यवस्थापकाने ठेवीदारांचे १ कोटी ४० लाख लाटले’. या क्षणी ठाम माहिती एवढीच आहे की अमुक रकमेचा अपहार झाल्याची फिर्याद लेखापरीक्षकाने दिली, तीत व्यवस्थापकाचे नाव आहे आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. बातमी तेवढीच लिहावी आणि व्यवस्थापकाचे किंवा त्याच्या वकिलाचे म्हणणे विचारावे. भेट झाली नाही तर तसे नमूद करावे.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायालयात उभे करतात. पोलीस सात दिवसांची कोठडी मागतात. सरकारी वकील सांगतात की या पैशातून त्याने भूखंड घेतल्याचा संशय आहे. आरोपीचे वकील म्हणतात की नोंदी दुसऱ्या लिपिकाच्या हातच्या आहेत आणि भूखंड कर्जावर घेतला आहे. न्यायालय तीन दिवसांची कोठडी देते. हे सगळे न्यायालयात घडले, म्हणून चौथ्या कलमाच्या संरक्षणात आले, पण अट ‘रास्त’ वृत्तांताची आहे. भूखंडाचा संशय मथळ्यात आणि कर्जाचे उत्तर कुठेच नाही, अशी बातमी शब्दन्‌शब्द खरी असूनही रास्त नसते. कोठडीचा आदेश म्हणजे दोषाचा शिक्का नव्हे. तपासाला वेळ हवा, एवढाच त्याचा अर्थ.

मग जामीन. सत्र न्यायाधीश अर्ज फेटाळताना लिहितात की कागदपत्रांवरून सकृतदर्शनी आरोपीचा सहभाग दिसतो. ‘व्यवस्थापकावर न्यायालयाचा ठपका’ हा इथला नेहमीचा चुकीचा मथळा. जामिनाच्या आदेशातली निरीक्षणे त्या अर्जापुरतीच असतात, आणि बहुतेक आदेशांच्या शेवटी तसे लिहिलेलेही असते. ते शेवटचे वाक्य बातमीत घ्यायला दहा-बारा शब्दांची जागा पुरते.

दोषारोपपत्र दाखल झाले की अधिनियमाच्या भाषेतही खटला प्रलंबित होतो. दोषारोपपत्र जाडजूड असते, त्यावर न्यायालयाचा शिक्का असतो, त्यामुळे ते न्यायालयाचे वाटते. ते पोलिसांचे असते. ‘दोषारोपपत्रानुसार’ हे शब्द प्रत्येक आरोपाला जोडलेले हवेत. ते सर्वांसाठी खुले कागदपत्रही नाही. दोषारोपपत्रे संकेतस्थळावर टाकावीत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सौरव दास प्रकरणात नाकारली. त्यामुळे त्यातली जबानी शब्दशः छापण्याआधी ती न्यायालयात वाचली गेली का, हे पाहावे.

त्यानंतर आरोप निश्चित होतात. हा टप्पा बातम्यांत सर्वाधिक बिघडतो. ‘आरोप निश्चित’चे घाईत ‘आरोप सिद्ध’ होते, किंवा मथळा असा लागतो की वाचकाने तेच समजावे. आरोप निश्चित करणे म्हणजे कोणत्या आरोपांवर खटला चालायचा ते ठरवणे. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का असे विचारतात. आरोपी ‘नाही’ म्हणाला तर ते ‘नाही’ बातमीत आलेच पाहिजे. वर्षभर इतरांनीच त्याच्याविषयी बोलल्यानंतर न्यायालयात नोंदला गेलेला हा त्याचा पहिला शब्द असतो.

साक्षी सुरू होतात. लेखापरीक्षकाची सरतपासणी सोमवारी होते, बाराशे नोंदींचा तपशील येतो, मोठी बातमी होते. उलटतपासणी पंधरा दिवसांनंतरच्या तारखेला असते आणि त्या दिवशी वार्ताहर मंत्र्यांच्या दौऱ्यावर असतो. उलटतपासणीत लेखापरीक्षकाने मान्य केले की तिजोरीची दुसरी किल्ली लिपिकाकडे होती, तर ती गोष्ट वाचकापर्यंत कधीच जात नाही. म्हणून सरतपासणीच्या बातमीत ‘उलटतपासणी अमुक तारखेला होणार आहे’ हे लिहावे आणि त्या तारखेला हजर राहावे. जाता येत नसेल तर रोजनामा पाहून, दोन्ही वकिलांशी बोलून निदान तेवढीच जागा तिला द्यावी. उलटतपासणी ऐकताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘असे म्हणणे खरे नाही की मी संचालकांच्या सांगण्यावरून अहवाल बदलला,’ हे वाक्य साक्षीच्या कागदावर असते. त्यातला ‘संचालकांच्या सांगण्यावरून अहवाल बदलला’ हा भाग वकिलाने केलेली सूचना असतो आणि साक्षीदाराने ती नाकारलेली असते. सूचना म्हणजे पुरावा नव्हे. नवखा वार्ताहर इथे ‘अहवाल संचालकांच्या दबावाखाली : साक्षीत उघड’ असा मथळा देऊन बसतो. संचालक खटल्यात आरोपीही नसतात, त्यामुळे प्रकरण थेट बदनामीकडे जाते.

न्यायाधीशांच्या तोंडी शेऱ्यांचेही असेच. सुनावणीत न्यायाधीश दोन्ही बाजूंना टोकत असतात, कधी मुद्दाम टोकाचा प्रश्न विचारतात. हे शेरे छापता येतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या तिखट शेऱ्यांविरुद्ध निवडणूक आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मे २०२१ मध्ये न्यायालयाने माध्यमांना तोंडी शेरे छापण्यापासून रोखायला नकार दिला. त्याच वेळी असे शेरे निकालाचा भाग नसतात, हेही स्पष्ट केले. तेव्हा शेरा छापताना तो तोंडी होता आणि लेखी आदेश काय झाला, या दोन्ही गोष्टी एकाच बातमीत याव्यात.

शेवटी निकाल. व्यवस्थापक दोषी ठरला तर आपण ‘आरोपी’ऐवजी ‘दोषी’ लिहू शकतो, पण खटला कायद्याने संपलेला नसतो. तिसऱ्या कलमाचे स्पष्टीकरण सांगते की अपिलाचा निकाल लागेपर्यंत, किंवा अपिलाची मुदत संपेपर्यंत, प्रकरण प्रलंबितच असते. निर्दोष सुटला तर ‘पुराव्याअभावी सुटका’ हा ठोकळेबाज मथळा लावण्याआधी निकालपत्रातली कारणे वाचावीत. न्यायालयाने संशयाचा फायदा दिला असेल तर तसे लिहावे. फिर्यादच अविश्वसनीय ठरवली असेल तर तसे लिहावे. दोन्ही ठिकाणी ‘पुराव्याअभावी’ म्हणणे म्हणजे निकालानंतरही संशय शिल्लक ठेवणे. आणि अटकेची बातमी पान एकवर चार स्तंभांत लागली असेल तर सुटकेची बातमी आतल्या पानावर एका परिच्छेदात संपवू नये. निकालावर टीका करायला मात्र मोकळीक आहे. अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त भाष्य करणे हा अवमान नाही, असे पाचवे कलम सांगते.

न्यायालयात घडलेले सगळेच छापता येते का? नाही, आणि या मर्यादेचा सर्वांत मोठा धडा मुंबईतल्याच एका वार्ताहराच्या नावाने ओळखला जातो. कृष्णराज ठाकरसी यांनी ‘ब्लिट्झ’चे संपादक करंजिया यांच्यावर तीन लाख रुपयांच्या भरपाईचा बदनामीचा दावा लावला होता. १९६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती तारकुंडे यांच्यासमोर तो चालू असताना भाईचंद गोडा या साक्षीदाराने विनंती केली की आपली साक्ष छापून आल्याने धंद्याचे नुकसान होते, ती छापू देऊ नये. न्यायमूर्तींनी तसा तोंडी आदेश दिला. दालन खुले होते, लोक आत बसून ऐकत होते, फक्त छापायला बंदी होती. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर नरेश मिरजकर आणि इतर काही पत्रकार यांनी त्याला मूलभूत हक्कांच्या आधारे आव्हान दिले. सरन्यायाधीश प्रल्हाद गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च १९६६ मध्ये बहुमताने तो आदेश वैध ठरवला. न्याय नीट व्हावा यासाठी एखाद्या साक्षीची प्रसिद्धी थांबवण्याचा उच्च न्यायालयाला अंगभूत अधिकार आहे, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचे भिन्नमत आजही वाचण्यासारखे आहे. २०१२ मध्ये सहारा प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने या अधिकाराला चौकट घातली. खटल्याला खरा आणि भरीव धोका असेल, दुसरा उपाय पुरत नसेल, तर थोड्या मुदतीपुरती प्रसिद्धी पुढे ढकलता येते. वार्ताहराने यातून घ्यायची गोष्ट व्यवहारातली आहे. आदेश तोंडी असला तरी आदेशच असतो. दालनात उशिरा पोहोचलात तर छापण्याबाबत काही सांगितले गेले का, हे न्यायालयाच्या कर्मचाऱ्याला किंवा वकिलांना विचारून घ्या.

काही बाबतींत आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही, कायद्यानेच बंदी आहे. बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी बंद दालनात होते आणि तिचा मजकूर न्यायालयाच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो आणि बाल न्याय कायद्यांची तशीच बंदी आहे. नाव गाळले म्हणजे काम झाले, हा समज शहरातल्या सवयीचा आहे. ‘अमुक गावातल्या शाळेत नववीत शिकणारी, वडील एसटीत चालक असलेली’ एवढे लिहिले की गावात नाव सांगायची गरज उरत नाही. आरोपी नात्यातला असेल तर त्याचे नाव छापूनही मुलीची ओळख उघड होते. अशा वेळी आरोपीचे नावही गाळावे लागते, आणि ते त्याच्यावरचे उपकार नसतात.

या पुस्तिकेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ती वकिलाचा सल्ला देत नाही. कलमांचे क्रमांक २०२४ नंतरच्या नव्या कायद्यांप्रमाणे दिले आहेत, पण जुन्या घटनांचे खटले अजून जुन्या कलमांखाली चालू आहेत, म्हणून आवश्यक तिथे दोन्ही क्रमांक दिले आहेत. खरेपणा हा अवमानाच्या आरोपावर बचाव होऊ शकतो, असे २००६ च्या दुरुस्तीने मान्य केले. पण तो सार्वजनिक हिताचा आणि प्रामाणिक असल्याचे न्यायालयाला पटावे लागते, त्यामुळे ‘खरे तेच छापले’ एवढ्यावर विसंबू नये. आणि शोधपत्रकारितेला इथे मज्जाव केलेला नाही. पोलिसांनी चुकीचा माणूस धरला आहे, तपास दाबला जातो आहे, कोठडीत मारहाण झाली आहे, हे शोधून लिहिणे वार्ताहराचे कामच आहे. अशा बातमीला चौथ्या कलमाचा आसरा नसतो, तिला स्वतःच्या कागदपत्रांवर उभे राहावे लागते. म्हणून ती न्यायालयाच्या वृत्तांतात मिसळू नये, वेगळी लिहावी, आणि तिच्यासाठी लागणारी तयारी शेवटच्या प्रकरणात पाहावी.

पहिल्या प्रकरणात फिर्याद कशी वाचायची इथून सुरुवात आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक कच्ची बातमी दिली आहे. ती वाचताना हातात पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक वाक्यासमोर ते कुणाचे आहे हे समासात लिहावे : फिर्यादीचे, पोलिसांचे, सरकारी वकिलांचे, बचाव पक्षाचे, साक्षीदाराचे की न्यायालयाचे. ज्या वाक्यासमोर यांपैकी काहीच लिहिता येणार नाही, ते वाक्य वार्ताहराचे स्वतःचे आहे. निकालापूर्वीच्या बातमीत आरोपीच्या दोषाविषयी असे एकही वाक्य सापडता कामा नये.